मारवा की पूरिया: स्वर तेच, मुक्काम वेगळे

प्रश्न: सायंकाळी रेडिओवर बासरीवादन लागले होते, पण रागाचे नाव ऐकायचे राहून गेले. एक वाक्य मात्र डोक्यात बसले आहे: नि रे ग, म ध म ग, रे सा (रे कोमल, म तीव्र). पेटीवर वाजवून पाहिले तर ते मारव्यातही बसते आणि पूरियातही. मला खात्री एकाच गोष्टीची आहे, की ऐकताना मन कुठेच टेकत नव्हते, सारखी हुरहूर लागून राहिली होती. एवढ्यावरून राग ठरवता येईल का?

उत्तर: आपल्या वर्णनावरून तो मारवा असावा, असे माझे मत आहे. मात्र हे मत त्या वाक्यावरून बनलेले नाही, ‘मन कुठेच टेकत नव्हते’ या आपल्या शब्दांवरून बनलेले आहे. ते पक्के करायचे असेल तर आठवणीला आणखी काही प्रश्न विचारावे लागतील. ते कोणते आणि का, हे सविस्तर सांगतो. पुढे स्वर लिहिताना रे नेहमी कोमल आणि म नेहमी तीव्र समजावा. अक्षराखालचा टिंब मंद्र सप्तकाचा आहे आणि आडवी रेघ म्हणजे त्या स्वरावरचा ठेहराव.

पेटीने आपल्याला उत्तर दिले नाही, यात नवल नाही. भातखंडे यांनी हे दोन्ही राग मारवा थाटातच घातले आहेत. दोन्हींत पंचम वर्ज्य आहे, उरलेले सहा स्वर अगदी तेच आहेत, आणि दोन्हींत चढताना षड्ज टाळून मंद्र निषादावरून थेट रिषभाकडे जाण्याची चाल आहे. त्यामुळे ‘हे स्वर या रागात आहेत का’ एवढेच विचारले, तर कोणत्याही तुकड्याला दोन्ही रागांकडून होकार मिळणार. त्यातून पेटीवर प्रत्येक स्वर सुटा आणि साधारण सारख्या लांबीचा वाजतो. मींड नाही, कण नाही, स्वर कुठे किती थांबला याचा पत्ता नाही. या दोन रागांना वेगळे करणारी सामग्री नेमकी तीच आहे. आणि स्मरणाचाही दोष पेटीसारखाच असतो: स्वरांचा क्रम लक्षात राहतो, पण त्यातला मुक्काम कुठे होता आणि धावता स्वर कोणता होता, हे आधी पुसले जाते.

भाव मात्र शिल्लक राहतो, कारण तो त्या मुक्कामांमधूनच तयार झालेला असतो. म्हणून भावाला अस्पष्ट म्हणून बाजूला न सारता त्याचे स्वरांच्या भाषेत रूपांतर करावे. ‘उदास’ किंवा ‘गंभीर’ हे शब्द इथे फारसे कामाचे नाहीत, कारण दोन्ही राग संधिप्रकाशाच्या वेळचे आहेत आणि दोन्हींना ते लावता येतात. ‘टेकत नव्हते’ हा शब्द मात्र फार उपयोगी आहे, कारण टेकण्याला संगीतात नेमका अर्थ आहे.

पूरियाचा वादी गंधार आणि संवादी निषाद. शुद्ध गंधारापासून शुद्ध निषादापर्यंत पेटीवर पट्ट्या मोजल्या तर सात अर्धस्वर भरतात. षड्जापासून पंचमापर्यंतही तेवढेच भरतात. म्हणजे पूरियात पंचम नसला तरी पंचमभाव गंधार आणि निषादाच्या जोडीतून सतत कानावर पडत राहतो. शिवाय पंचम नसल्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार बहुधा निषादावर मिळवलेली असते, आणि खर्जाच्या तारेतून चांगल्या जवारीत स्वयंभू गंधार ऐकू येतो. पूरिया गाणारा ज्या दोन स्वरांवर थांबतो ते दोन्ही त्याच्या पाठीमागे तानपुऱ्यात आधीच वाजत असतात, म्हणून तो थांबला की ऐकणाऱ्यालाही आधार मिळतो. पूरिया गंभीर असतो, पण त्याला बैठक असते.

मारव्यात वादी रिषभ आणि संवादी धैवत. कोमल रिषभापासून शुद्ध धैवतापर्यंत आठ अर्धस्वर होतात. हा पंचमभावही नाही आणि मध्यमभावही नाही; वादी-संवादीत अपेक्षित असलेले नाते इथे जमत नाही, आणि शास्त्रकारांना मारव्याचे हे गणित नेहमीच अडचणीचे वाटत आले आहे. रिषभ आणि धैवत तानपुऱ्यातही सापडत नाहीत. म्हणजे मारवा ज्या दोन स्वरांवर दीर्घकाळ थांबतो, त्यांचे एकमेकांशी जुळत नाही आणि तानपुऱ्याशीही जुळत नाही. मन टेकत नाही याचे कारण हे आहे.

याला आणखी एक गोष्ट हातभार लावते, आणि ती आपल्याच वाक्यावर दाखवता येते. आपल्या वाक्यातला शेवटचा षड्ज काढून टाका, तानपुरा बंद करा आणि उरलेले स्वर धैवताला षड्ज मानून वाचा. निषादाचा शुद्ध रिषभ होतो, कोमल रिषभाचा शुद्ध गंधार, गंधाराचा पंचम आणि तीव्र मध्यमाचा शुद्ध धैवत. आपले ‘नि रे ग, म ध म ग, रे’ हे ‘रे ग प, ध सां ध प, ग’ असे होते, आणि हा निव्वळ भूप आहे. मारव्यात षड्ज फार जपून वापरतात. आलापात कलाकार पुष्कळ वेळ त्याच्या आजूबाजूलाच फिरतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचा कान नकळत धैवताला घर मानू लागतो. आणि तानपुरा मात्र खरा षड्ज सांगत राहतो. कान एकीकडे आणि तानपुरा दुसरीकडे, ही ओढाताण म्हणजेच आपली हुरहूर. स्वर दोन्ही रागांचे तेच असल्यामुळे हे भूपाचे गणित कागदावर पूरियालाही लागू पडते, पण पूरियात धैवतावर थांबत नाहीत आणि षड्जही वेळच्या वेळी लागतो, म्हणून कानाला तो भास होत नाही.

यावरून आठवणीला विचारायचा पहिला प्रश्न असा: वादनात षड्ज लागला तेव्हा तो कसा वाटला? बराच वेळ वाट पाहायला लावून, काहीसा बाहेरून आल्यासारखा लागला आणि तेवढ्यापुरते हायसे वाटले, की वाक्य आपसूकच षड्जावर येऊन मिटत होते? पहिला अनुभव मारव्याचा, दुसरा पूरियाचा. हा प्रश्न मी सर्वांत आधी ठेवतो, कारण ज्यांना स्वर ओळखता येत नाहीत अशा श्रोत्यांनाही त्याचे उत्तर देता येते.

आता वाक्याकडे येऊ. आपण लिहिलेले वाक्य हा एक सांगाडा आहे. मारवा आणि पूरिया त्यात मांस कसे भरतात ते पाहा. मारव्यात ते साधारण असे येईल:

ऩि रे ग म ध —, म ध म ग रे —, ग म ग रे —, ऩि ध़ —, ऩि रे — सा

यात चढताना गंधारावर थांबणे नाही. तो धैवताकडे जाण्याच्या वाटेवरचा स्वर आहे. धैवत उभा, ठसठशीत लागतो. तिथून उतरताना ‘ध म ग रे’ ही सरळ पायऱ्यांची उतरण आहे आणि ती रिषभावर येऊन थांबते. त्या रिषभावर पुरेसा वेळ गेल्यावाचून षड्ज येत नाही, आणि कित्येकदा तोंडाशी आलेला षड्ज टाळून वाक्य परत निषाद-धैवताकडे वळते. निषाद इथे दुय्यम आहे. ‘ऩि ध़’ असे म्हणताना वजन धैवतावर पडते.

पूरियात तोच सांगाडा असा भरला जाईल:

ऩि रे ग —, म ध ग म ग —, म ग रे सा, ऩि ध़ ऩि —, म़ ध़ ऩि रे सा

इथे पहिला मुक्काम गंधारावरच होतो. धैवताला नुसता स्पर्श होतो आणि तिथून मध्यमावर न उतरता गंधार घेऊन पुन्हा ‘म ग’ असे वळण येते. हे ‘म ध ग म ग’ पूरियाची सर्वांत खात्रीची खूण आहे. गंधाराभोवती फिरून गंधारावरच येणारी ही वळी मारव्याच्या सरळ उतरणीत कुठे शोभणार नाही. रिषभावर थांबा नाही, ‘रे सा’ हे एका दमात येते. आणि मंद्रात ‘ऩि ध़ ऩि’ असे म्हणताना धैवताला मध्ये ठेवून निषादावर परत येणे असते. मारव्याच्या ‘ऩि ध़ —’ आणि पूरियाच्या ‘ऩि ध़ ऩि —’ यांत फरक एका स्वराचा दिसतो, पण पूर्ण रागाची बैठक त्या एका परतण्यात बदलते.

आपण लिहिलेल्या वाक्यात स्वल्पविराम ‘नि रे ग’ नंतर आहे आणि दुसरा ‘म ध म ग’ नंतर. हे विराम आपल्याला आठवले म्हणून घातले असतील, तर ते पूरियाच्या बाजूने बोलतात, कारण दोन्ही थांबे गंधारावर पडतात. पण बहुतेक वेळा माणूस स्वर लिहिताना वाचायला सोपे जावे म्हणून दोन-दोन, तीन-तीन स्वरांचे गट करतो आणि त्या गटांचा मूळ वादनाशी संबंध नसतो. म्हणून त्या विरामांना मी पुरावा मानलेला नाही. आपण मात्र स्वतःशी प्रामाणिकपणे तपासून पाहावे.

तपासण्याची रीत अशी. तानपुरा किंवा तानपुऱ्याचे यंत्र निषादावर मिळवून सुरू करा. पंचमाची तार ठेवू नका, कारण पंचम सतत कानावर पडला की दोन्ही रागांचा चेहरा पुसला जातो. पाचेक मिनिटे नुसता षड्ज लावून बसा, म्हणजे धैवताला षड्ज समजण्याची चूक होणार नाही. मग पेटीला हात न लावता, आवाजाने, आपले वाक्य गुणगुणा आणि त्यातला रिषभ दोन-तीन श्वास पुरेल इतका धरून ठेवा. आठवण त्याला ‘हो’ म्हणते का, की रिषभावर थांबताच काहीतरी बिघडल्यासारखे वाटते, एवढेच बघायचे. मग तोच प्रयोग गंधारावर करा, नंतर धैवतावर. एकदम आठवायला सांगितले तर मनाला मुक्काम सांगता येत नाही, पण मुक्काम समोर ठेवला की चूक-बरोबर चटकन कळते.

त्यानंतर वर दिलेली दोन्ही पूर्ण वाक्ये गाऊन बघा. यात एक सावधगिरी हवी. जे वाक्य आधी गायले जाते त्याचा रंग कानाला चढतो आणि दुसरे उपरे वाटू लागते. मारवा गाऊन लगेच पूरिया घेतला तर पूरियाचा गंधार मिळमिळीत भासतो, आणि उलट क्रमाने मारव्याचा रिषभ बेसूर भासतो. म्हणून दोहोंच्या मध्ये बराच वेळ जाऊ द्यावा, मध्ये भैरव किंवा तत्सम वेगळ्या अंगाचे काही गुणगुणावे, आणि दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून पुन्हा पाहावे. दोन्ही दिवशी तेच वाक्य ओळखीचे वाटले तरच त्यावर विसंबावे.

गत आठवत असेल तर आणखी सोपे. आलापातले तुकडे एकदाच येऊन जातात, पण गतीचा मुखडा पुन्हा पुन्हा समेवर येतो, त्यामुळे समेचा स्वर पुष्कळदा न कळत लक्षात राहिलेला असतो. तबल्याचा ठेका मनात धरा, मुखडा गुणगुणा आणि समेवर आवाज कुठे पडतो ते पाहा. पूरियात सम गंधारावर येणे सर्रास आढळते, मारव्यात रिषभ किंवा धैवतावर. हा नियम नव्हे, पण झुकते माप देण्यापुरता भरवशाचा आहे.

भाव कुठे फसवतो, हेही सांगायला हवे. पूरिया मंद्रात रमणारा आणि मारवा मध्य सप्तकात उठून दिसणारा, असे शिकवतात आणि ते ढोबळमानाने खरे आहे. पण त्यावरून ‘संथ आणि खर्जातले म्हणजे पूरिया’ असे समीकरण केले तर उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा ऐकताना ते कोलमडेल. तो मारवा अतिविलंबित आहे, मंद्रात मुक्त फिरतो आणि वरवर पाहता शांतही वाटतो. तरी त्याचे थांबे रिषभ-धैवतावरच आहेत. वसंतराव देशपांडे यांचा मारवा याच्या दुसऱ्या टोकाला, आक्रमक आणि चपळ. दोघांचे स्वभाव इतके निराळे असूनही राग एकच, कारण स्वभाव कलाकाराचा असतो आणि मुक्काम रागाचे. म्हणून लय, आवाजाचा पोत, वादनाची तडफ यांतून आलेली हुरहूर आणि थांब्यांतून आलेली हुरहूर वेगळी काढावी. त्यासाठी एक उपाय: त्या वादनातला सर्वांत संथ भाग आठवा. तिथेही मन टेकत नसेल, तर कारण लयीत नाही, स्वरांत आहे.

आपण बासरी ऐकली, यामुळे आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. पूरियाची निम्मी ओळख मंद्र सप्तकात असते आणि बासरीचे मंद्र तोकडे असते. सहा छिद्रांच्या बासरीवर सर्व छिद्रे बंद केली की मंद्र पंचम मिळतो. पन्नालाल घोष यांनी सातवे छिद्र रूढ केले ते त्याखालचा तीव्र मध्यम मिळावा म्हणूनच. त्याच बासरीवर मंद्र गंधारापर्यंत उतरता येत नाही. त्यामुळे ‘वादन फारसे खाली गेले नाही, म्हणजे पूरिया नसणार’ असा निष्कर्ष बासरीच्या बाबतीत काढू नये. हेच वादन सरोदवर किंवा सुरबहारवर असते, तर त्या युक्तिवादाला मी बरेच वजन दिले असते.

काही जण सांगतील की मारव्याचा रिषभ पूरियाच्या रिषभापेक्षा किंचित चढा असतो, तो तपासा. समोर गाणे चालू असेल तर हे ऐकू येऊ शकते. आठवणीतून इतका बारीक फरक काढणे शक्य नाही, आणि पेटीवर तर तो मुळातच नाही. प्रसारणाच्या वेळेचाही उपयोग नाही: मारवा सूर्यास्ताचा आणि पूरिया त्यानंतरचा असे मानतात, पण दोन्ही वेळा एकमेकींना चिकटून आहेत.

तिसरी शक्यता सोहनीची, कारण तिचेही स्वर हेच. ती मात्र तार षड्जाभोवती नाचते, उत्तररात्रीची मानली जाते, आणि तिच्यात मध्य सप्तकातल्या रिषभावर कोणी रेंगाळत नाही. आपले वाक्य मंद्र निषादावरून सुरू होते, त्यामुळे तिला सोडून द्यायला हरकत नाही. पूरिया कल्याण मात्र एकदा मनात तपासून घ्या. त्यात खालचा भाग पूरियासारखाच चालतो आणि वरच्या भागात पंचम येतो. आपल्या तुकड्यात पंचम नाही याचा अर्थ रागात नव्हता असा होत नाही; एवढ्या छोट्या तुकड्यात तो यायचा राहिलाही असेल. पण पंचमासारखा ठाम स्वर आलापात येऊन गेला असता, तर त्यावर मन टेकले असते, आणि आपण तर नेमके उलट सांगत आहात.

आता माझे मत कशाने बदलेल ते सांगतो. गुणगुणताना रिषभ धरून ठेवला की आठवण बिनसते आणि गंधार धरला की जुळते, असे दोन वेगळ्या दिवशी झाले, तर मी पूरिया म्हणेन आणि आपली हुरहूर वादकाच्या शैलीच्या खात्यावर टाकेन. ‘म ध ग म ग’ हे वळण आपल्याला ओळखीचे वाटले, तर बाकी काही न विचारता पूरिया म्हणेन. उलट ‘ध म ग रे’ ही सरळ उतरण आणि त्यानंतर षड्जाला दिलेली हुलकावणी आठवली, तर मारव्याबद्दल शंका उरत नाही. दोन्हींपैकी काहीच ठामपणे आठवत नसेल, तर दोन्ही रागांची बासरीवरची ध्वनिमुद्रणे मिळवून प्रत्येकाचा फक्त आलापाचा भाग, वेगवेगळ्या दिवशी, नाव न पाहता ऐका आणि त्यात आपले वाक्य कुठे सापडते यापेक्षा कलाकार श्वास कोणत्या स्वरावर संपवतो ते टिपत जा. बासरीत हे सोपे जाते, कारण श्वास तुटतो तो क्षण स्पष्ट ऐकू येतो.